बूड, शिवण आणि बुडबुड्यांची दिशा

जुनी बाटली हातात आली की बहुतेक लोक ती उजेडाकडे धरतात आणि रंग बघतात. मी आधी ती उलटी करते. बूड बघायचं, मग अंगावरून बोट फिरवत वर खांद्यापर्यंत यायचं, मग गळा, सगळ्यात शेवटी तोंड. बाटली बनली त्याच क्रमाने ती वाचायची. तोंड सर्वात शेवटी बनतं, म्हणून ते वाचायचंही शेवटी.

नागपूरच्या इतवारीत जुन्या पितळी भांड्यांच्या एका दुकानात मी अशीच एक बाटली उलटी धरून उभी होते. दुकानदाराला ते काही पटेना. “ताई, बूड काहून पाहून राहिल्या? तोंड पहा न. अंग्रेजाच्या जमान्याची हाय. दोनशे वर्षं कुठं नाही गेली. अन् हे बुडबुडे पहा, आजकालच्या काचेत असे राहते काय?”

बाटली जवळजवळ काळी होती. दुकानाबाहेर येऊन उन्हात धरली तेव्हा कडेला गडद शेवाळी हिरवा रंग उमटला. वाळूत लोह असतं आणि ते मुद्दाम काढून टाकलं नाही तर काच हिरवट होते. जाड काचेत तोच रंग काळा दिसतो. एकोणिसाव्या शतकातल्या बिअरच्या आणि मद्याच्या बाटल्या अशाच असत. कामठीच्या एका जुन्या बंगल्यातून आली, असं दुकानदार म्हणाला. कामठीची छावणी 1821 सालची, त्यामुळे ही गोष्ट अशक्य नाही. पण विकणाऱ्याने सांगितलेलं मूळ मी हिशेबात धरत नाही. बाटली स्वतः काय सांगते तेवढंच धरायचं.

बाटलीवरची खूण सांगते ती कृती: काच कशी धरली, कशात फुंकली, कशाने दाबली. वय आपण त्या कृतीवरून काढतो, आणि नेमकी इथेच गडबड होते. कारण कृतीचं वय काढायचं तर ती कृती *त्या ठिकाणी* कधी सुरू झाली आणि कधी बंद पडली हे माहीत हवं. इंग्लंडात बंद पडलेली पद्धत फिरोजाबादेत आजही रोज चालू असू शकते. इंग्लंड-अमेरिकेतल्या संग्राहकांनी केलेली सनावळ्यांची कोष्टकं आपल्याकडे बरेच लोक जशीच्या तशी वापरतात. ती चुकीची नाहीत, पण ती त्यांच्या भट्ट्यांची आहेत.

तर बुडापासून सुरुवात करू.

हाताने फुंकलेली बाटली बनताना एक अडचण असते. कारागीर फुंकनळीच्या टोकावर वितळलेली काच घेतो आणि फुंकून तिला आकार देतो. आता बाटलीचं तोंड नीट करायचं आहे, पण तोंडाच्याच जागी फुंकनळी चिकटलेली आहे. म्हणून बाटलीला दुसऱ्या बाजूने, म्हणजे बुडाकडून धरायला हवं. त्यासाठी एक लोखंडी सळई घेतात, तिच्या टोकावर गरम काचेचा थेंब लावतात आणि ती बुडाच्या मधोमध चिकटवतात. ही सळई म्हणजे पाँटिल. मग फुंकनळी गळ्यापासून तोडतात, गळ्याचं टोक पुन्हा तापवून तोंड घडवतात आणि शेवटी सळईला टोला देऊन बाटली सुटी करतात. सुटताना बुडावर खरबरीत व्रण राहतो. बाटली उभी राहिल्यावर तो व्रण टेबलाला लागू नये, हे बूड आत ढकलून खोलगट करण्यामागचं एक कारण.

हे व्रण एकसारखे नसतात. काचेच्या थेंबाने धरलं असेल तर भरीव, ओबडधोबड चकतीसारखा डाग राहतो. सळईऐवजी दुसरी फुंकनळीच चिकटवली असेल तर मधे पोकळ असलेली कडी दिसते. नुसतं तापलेलं लोखंड टेकवलं असेल तर फुटकी काच जवळपास नसतेच, तिच्या जागी काळपट किंवा गंजासारखा तांबूस थर राहतो. उंची भांड्यांवर हा व्रण घासून, पॉलिश करून टाकलेला असतो. तिथे गुळगुळीत, उथळ, गोल खळगा मिळतो. बोटाला अतिशय सुखावह वाटतो आणि तो दिसला की मी ते भांडं खाली ठेवायला तयार नसते.

इतवारीतल्या बाटलीचं बूड खोल होतं, शंकूसारखं आत गेलेलं, आणि मधोमध एक लहान टेंगूळ होतं. पण व्रण नव्हता. कडी नाही, लोखंडाचा डाग नाही, घासल्याची खूणही नाही. म्हणजे तोंड घडवताना ही बाटली पाँटिलवर धरलेली नव्हती. मग कशावर? 1850 च्या दशकापासून बाटलीच्या कारखान्यांत स्नॅप केस नावाचा स्प्रिंगचा चिमटा वापरात येऊ लागला. तो बाटलीला अंगाभोवती पकडतो, बुडाला चिकटत नाही. त्याने काम झपाट्याने होतं आणि बुडावर काही राहत नाही. व्रणाचा अभाव हा इथे पहिला पुरावा. बाटली बहुधा 1850 च्या आधीची नाही. दुकानदाराची दोनशे वर्षं इथेच डळमळली.

आता शिवण. साच्याचे भाग जिथे मिळतात त्या फटीत काच किंचित शिरते आणि बाहेर बारीक उंच रेघ उमटते. हिला मी शिवण म्हणते. डोळ्यांपेक्षा ही नखाला आधी कळते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च बाटलीला जवळजवळ टेकवून, तिरपा उजेड पाडला तर डोळ्यालाही दिसते.

शिवणीबद्दल एक ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो: शिवण जितकी वरपर्यंत जाते तितकी बाटली नवी, आणि शिवणच नसेल तर सर्वात जुनी. पहिल्या अर्ध्यात काही तथ्य आहे. दुसरा अर्धा लोकांना फार महागात पडतो. साच्यात फुंकताना बाटली गोल फिरवली तर शिवण पुसली जाते. त्यासाठी साच्याला आतून ओलसर लेप देत, म्हणजे वाफेच्या पातळ थरावर काच फिरते. अशा बाटल्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला मुबलक निघाल्या. त्यांच्यावर एकही उभी रेघ नसते आणि त्या अतिजुन्या म्हणून विकल्या जातात. ओळख सोपी आहे. अंगावर अगदी बारीक आडव्या रेघा असतात, बाटलीला वेढा घालणाऱ्या. साच्याविना, निव्वळ फुंकून घडवलेल्या बाटलीवर त्या तशा येत नाहीत. शिवाय तिचं अंग हलकंसं वाकडं असतं आणि खांदे दोन्हीकडे सारखे नसतात.

आमच्या बाटलीच्या अंगावर उभी शिवण नव्हतीच. खांद्याला मात्र नख अडलं. अंग संपून खांदा सुरू होतो त्या ठिकाणी बाटलीभोवती पूर्ण फेरी मारणारी एक आडवी शिवण होती आणि तिच्यापासून दोन उभ्या शिवणी, एकमेकींच्या समोरासमोर, खांद्यावरून गळ्याकडे चढत होत्या. ही रचना एकाच गोष्टीची आहे: तीन भागांचा साचा.

ब्रिस्टलच्या हेन्री रिकेट्सने 1821 साली अशा साच्याचं पेटंट घेतलं. खालचा भाग अखंड, विहिरीसारखा उभा. वर खांद्याचे दोन अर्धे, बिजागरीने उघडझाप करणारे. कारागीर गरम काच खाली सोडतो, पायाने पट्टी दाबून वरचे दोन अर्धे मिटवतो, फुंकतो, पाय उचलतो आणि बाटली वर ओढून काढतो. अंग अखंड साच्यात बनलं म्हणून अंगावर उभी शिवण नाही. खांदा दोन तुकड्यांत बनला म्हणून तिथे दोन. आणि खालच्या-वरच्या भागांची हद्द म्हणून ती आडवी.

याची आणखी एक पडताळणी आहे आणि ती मला फार आवडते. अखंड साच्यातून बाटली वर ओढून काढायची तर साचा वरच्या बाजूला किंचित रुंद हवा, नाहीतर ती आत अडकून बसेल. म्हणजे बाटलीचं अंग बुडाशी थोडं बारीक आणि खांद्याशी थोडं जाड असायला हवं. डोळ्यांना ती सरळ उभीच वाटते. मी पिशवीतला शिवणकामाचा दोरा काढला, आधी बुडाच्या जरा वर गुंडाळला, मग खांद्याच्या जरा खाली. वरचा घेर जवळपास एक सेंटिमीटरने जास्त भरला. दुकानदार आता स्टुलावरून उठून माझ्या शेजारी येऊन उभा होता. त्याने स्वतः दोरा घेऊन पुन्हा मोजलं आणि मग आपल्याच दुकानातल्या दुसऱ्या दोन बाटल्या आणून त्यांच्याभोवतीही गुंडाळून पाहिला.

या साच्याने वयाची खालची मर्यादा 1821 मिळते, पण बुडाने ती आधीच 1850 च्या दशकापर्यंत वर आणली आहे. वरची मर्यादा मात्र साचा नीट देत नाही. ही पद्धत शतकाच्या अखेरीकडे मागे पडली, तरी एका दिवसात कुठलाही कारखाना साचे फेकून देत नाही. म्हणून तोंडाकडे जायला हवं.

घरात सॉसची किंवा लोणच्याची आजची कुठलीही बाटली घ्या. तिची उभी शिवण गळ्यावरून चढते आणि थेट काठापर्यंत, बहुतेक वेळा काठाच्याही वरून जाते. कारण यंत्रात तोंड सर्वात आधी, साच्यातच बनतं, आणि उरलेली बाटली त्यानंतर. हाताच्या कामाचा क्रम बरोबर उलटा झाला. मायकेल ओवेन्सचं पूर्ण स्वयंचलित यंत्र 1903 सालचं. त्याच्या बाटल्यांच्या बुडावर गोल, पिसासारख्या कडांचा आणि बरेचदा मध्यापासून सरकलेला कापाचा व्रण असतो. साच्यात काच शोषून घेतल्यावर ती पात्याने कापली जाते, त्याची ही खूण. पाँटिलचा व्रण म्हणून हा सर्रास खपवला जातो. फरक बोटाला कळतो. पाँटिलचा व्रण तुटलेला, धारदार असतो, यंत्राचा सपाट असतो, नुसती रेघ.

आमच्या बाटलीच्या दोन्ही शिवणी गळ्याच्या मध्यावर विरून गेल्या होत्या. वर जाड ओठ, आणि त्या ओठाच्या खालच्या कडेला काच एका बाजूला थोडी ओघळलेली. तेव्हा प्रश्न असा: गळ्याचीच काच तापवून, दाबून हा ओठ केला, की वेगळी काच आणून वर गुंडाळली? गुंडाळलेला ओठ आधीचा, दाबून केलेला नंतरचा. इंग्लंड-अमेरिकेत बदलाचा काळ साधारण 1880 ते 1890 च्या दशकातला. ओघळ गुंडाळलेल्या ओठाकडे बोट दाखवतो, पण एवढ्यावर मी विसंबले नसते. इथे बुडबुडे कामी आले.

बुडबुड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दुकानदाराचा सगळा भरवसा त्यांच्यावर होता, आणि बाजारात सगळ्यांचाच असतो.

काच बनते वाळू, सोडा आणि चुनखडीपासून. सोडा आणि चुनखडी दोन्ही कार्बोनेट, त्यामुळे भट्टीत तापल्यावर त्यांच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. वितळलेली काच काकवीसारखी दाट असते, त्यामुळे वायू चटकन वर येत नाही. मोठा बुडबुडा लवकर सुटतो, बारीक अडकतो. नियम कडक आहे: व्यास निम्मा झाला की वर चढण्याचा वेग चौपट कमी होतो, आणि व्यास एक दशांश झाला की शंभरपट. म्हणून काचवाले भट्टीचं तापमान वाढवून काच तासन्‌तास तशीच ठेवतात, सोरा किंवा सोडियम सल्फेटसारखं काहीतरी घालतात, म्हणजे मोठे बुडबुडे तयार होऊन बारकांना सोबत घेऊन वर निघतात. इंधन वाचवायचं असेल, भट्टी लहान असेल किंवा घाई असेल तर हे काम अपुरं राहतं आणि काचेत बुडबुडे उरतात.

म्हणजे बुडबुडे सांगतात ते भट्टीबद्दल. अपुरी शुद्ध केलेली काच 1820 मध्ये बनत होती आणि या वर्षीही बनते आहे. भंगार काच वितळवून हाताने फुंकलेल्या आजच्या शोभेच्या बाटल्या बुडबुड्यांनी गच्च भरलेल्या असतात, काही ठिकाणी तर मुद्दाम, जुनं दिसावं म्हणून. नुसत्या बुडबुड्यांवरून जुनी म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं आहे.

पण बुडबुड्याला आकार असतो आणि दिशा असते. काच मऊ असताना ज्या दिशेने ताणली जाते त्या दिशेने आतला बुडबुडाही लांबतो, आणि काच गार झाली की तसाच गोठतो. ओढलेल्या काचेत तो तांदळाच्या दाण्यासारखा दिसतो, न ओढलेल्या जाड तळात गोल राहतो. गळा ओढून लांबवलेला असेल तर तिथले बुडबुडे उभे असतात. बाटली ओढताना पिळली गेली असेल तर ते तिरके होऊन गळ्याभोवती जिन्यासारखे चढतात.

मी दहापट भिंग काढलं. गळ्यातले बुडबुडे उभे होते, बारीक आणि लांबट. ओठात आल्यावर ते एकदम आडवे झाले. ओठाच्या जाडीत दोन-तीन लांबट बुडबुडे बाटलीला वेढा घातल्यासारखे पडून होते. गळ्याचीच काच दाबून ओठ केला असता तर उभे बुडबुडे दबून आखूड झाले असते, वाकले असते, पण असे अचानक काटकोनात वळले नसते. ही वेगळी काच आहे, धाग्यासारखी ओढून गळ्याभोवती गुंडाळलेली. मग तोंडातून करंगळी आत घातली. ओठाच्या आतल्या बाजूला, गळा जिथे तोडला होता तिथे, नखाला एक पुसट पायरी लागली. जोड तिथे होता. आता ओघळ, बुडबुडे आणि पायरी अशा तीन गोष्टी एकच सांगत होत्या.

गुंडाळलेला ओठ, तीन भागांचा साचा, चिमट्याने धरलेलं बूड. इंग्लंडात बनली असेल तर 1850 ते 1890 यांच्या मधली बाटली. इतका रुंद पट्टा ऐकून लोकांची निराशा होते. मला तो प्रामाणिक वाटतो.

आणि “इंग्लंडात बनली असेल तर” हे शब्द मी ठेवते, कारण तिथे सगळा हिशेब उभा आहे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 साली सुरू झाला, ओगलेवाडीचा ओगले बंधूंचा 1916 साली. ओवेन्सचं यंत्र अमेरिकेत बाटल्यांचा पाऊस पाडत होतं त्याच काळात आपल्याकडे मुलं फुंकनळी धरायला शिकत होती. त्या दशकांतली, शिवण काठापर्यंत न गेलेली देशी वस्तू विलायती कोष्टकात बसवली तर ती सरळ तीसचाळीस वर्षं जुनी ठरते. गोटीसोड्याची बाटली तर त्याहून मोठं उदाहरण. हायरम कॉडने 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला तिची पेटंटं घेतली, इंग्लंडात ती केव्हाच संपली, आणि नागपुरात उन्हाळ्यात अजून प्यायला मिळते. गोटी आत टाकल्यावरच तोंड आवळता येतं, म्हणून तिच्या तोंडाशी जुन्या कामाच्या खुणा आजही दिसू शकतात. तिच्या वयाबद्दल त्या काही बोलत नाहीत.

आमच्या काळ्या बाटलीबाबत देशी असण्याची शक्यता मला कमी वाटते. तीन भागांचा साचा मद्याच्या विलायती बाटल्यांचा खास, आणि आपले हे कारखाने सुरू झाले तोवर तो तिकडेही मावळला होता. पण शक्यता कमी असणं आणि नसणं यांत फरक आहे.

खोटेपणा तपासायचा राहिला होता. मी बाटलीच्या टेकणाऱ्या कडेकडे भिंग नेलं. कित्येक वर्षं फळीवर, फरशीवर सरकलेल्या बाटलीच्या बुडावर फक्त सर्वात उंच कडेला झीज होते, आणि तिथले ओरखडे सगळ्या दिशांना, लहानमोठे, एकमेकांवर चढलेले असतात. पॉलिश पेपरने जुनी केलेली बाटली दोन गोष्टींत पकडली जाते. तिचे ओरखडे समांतर असतात, आणि जिथे बूड टेकूच शकत नाही अशा आतल्या खळग्यातही ते सापडतात. इथे कड अर्धपारदर्शक झाली होती, ओरखडे कसेही गेलेले, आणि आतला शंकू स्वच्छ, चमकदार. झीज खरी होती.

अंगावर इंद्रधनुषी पापुद्रे नव्हते. जमिनीत ओलाव्यात पडलेल्या काचेतून पाणी सोडियम ओढून घेतं, सिलिकाचे पातळ थर मागे राहतात आणि त्यांच्यावर उजेड फुटून रंग दिसतात. आपली काळी कापसाची माती पावसाळ्याचा ओलावा बराच काळ धरून ठेवते. त्या मातीत ही बाटली दीर्घकाळ पुरलेली असती तर तिचं कातडं इतकं नितळ राहणं मला अवघड वाटतं. कुठल्या तरी फळीवरच तिचं आयुष्य गेलं असावं, रॉकेल, तेल किंवा आणखी कशासाठी पुन्हापुन्हा भरली जात. बंगल्याची गोष्ट याने सिद्ध होत नाही, फक्त खोटी पडत नाही.

“म्हणजे दोनशे नाही?” दुकानदाराने विचारलं.

“दोनशे नाही, भाऊ. पण हाताची आहे, विलायती असावी, आणि सव्वाशे वर्षांच्या वर नक्की वाटते.”

त्याने भिंग मागून घेतलं आणि ओठातले आडवे बुडबुडे बराच वेळ पाहिले. किंमत त्याने कमी केली नाही, मीही फार घासाघीस केली नाही. घरी आल्यावर एका कार्डावर लिहिलं: तीन भागांचा साचा, पाँटिल नाही, गुंडाळलेला ओठ, बहुधा इंग्लंड, 1850 ते 1890. खाली “कामठी, विक्रेत्याच्या सांगण्यानुसार” असं वेगळ्या ओळीत. हा पट्टा अजून अरुंद करायचा तर बुडावर किंवा खांद्यावर कारखान्याची अक्षरं हवी होती. रिकेट्सच्या साच्याच्या काही बाटल्यांवर बुडाभोवती कंपनीचं नाव उमटलेलं असतं. या बाटलीवर ते नाही, मी पीठ चोळून आणि तिरपा उजेड पाडूनही पाहिलं. याच साच्यातली, अक्षरं असलेली दुसरी बाटली भेटली तर कार्ड बदलेन.